दोन पानांत कार्यशाळा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या कारखान्यातल्या एचआर प्रमुखाचा इनबॉक्स उघडला, तर प्रशिक्षणाचे प्रस्ताव ढिगाने सापडतील. नेतृत्वविकास, टीम बिल्डिंग, ताणतणावाचं व्यवस्थापन, संवादकौशल्य. बहुतेकांचा साचा एकच असतो. पहिल्या पानावर प्रशिक्षकाचा फोटो, पुढच्या चार पानांवर त्याने कुठल्या कुठल्या कंपन्यांत शिकवलं त्याची यादी, मग एका दिवसात उरकायचे चौदा विषय आणि शेवटी एक आकडा. यातले बरेचसे प्रस्ताव ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला पडतात. तेवढ्यात एखादं दोन पानांचं पत्र येतं आणि आठवड्याच्या आत त्याची पर्चेस ऑर्डर निघते. त्या दोन पानांत असं काय असतं?

हे समजून घेण्यासाठी एक नमुना उदाहरण घेऊ. कंपनी आणि माणसं कल्पित आहेत, पण परिस्थिती या पट्ट्यात रोज दिसणारी आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, साधारण चारशे माणसं, दोन शिफ्ट. दर महिन्याला कंत्राटी कामगार आणि अप्रेंटिस यांची नवी तुकडी येते. त्यांना काम शिकवायची जबाबदारी लाइनवरच्या सुपरवायझरांची. नवी माणसं आली की पहिले काही आठवडे रिजेक्शन वाढतं. प्लँट हेड वैतागतो आणि एचआर हेडला म्हणतो, “आपल्या सुपरवायझरांना बोलताच येत नाही. त्यांना कम्युनिकेशनचं ट्रेनिंग द्या.” एचआर हेड एका स्वतंत्र प्रशिक्षकाला फोन करते आणि संवादकौशल्यावरच्या एक दिवसाच्या कार्यशाळेचा प्रस्ताव मागते.

इथे दोन वाटा फुटतात. घाईतला प्रशिक्षक संगणकातली जुनी फाइल उघडतो, कंपनीचं नाव बदलतो आणि पाठवून देतो. अनुभवी प्रशिक्षक म्हणतो, “मॅडम, लिहिण्याआधी मला एक दिवस लाइनवर उभं राहू द्या.”

लाइनवर काय दिसलं

त्या एका दिवसात तो असेंब्लीच्या एकाच स्टेशनवर थांबतो. काम दिसायला सोपं आहे. धातूच्या भागाला गोल खाच आहे, त्या खाचेत रबरी ओ-रिंग बसवायची. पहिल्या शिफ्टचा सुपरवायझर नव्या मुलाला म्हणतो, “हे बघ, असं बसवायचं,” दोनदा करून दाखवतो आणि दुसऱ्या मशिनकडे निघून जातो. दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर आधी रिंगला वंगणाचा हलका हात लावायला सांगतो, पण का ते सांगत नाही. नवा मुलगा घाई झाली की वंगण वगळतो. कोरडी रिंग बोटाखाली गुंडाळली जाते आणि खाचेत पिळलेल्या अवस्थेत बसते. वरून सगळं ठीक दिसतं. पुढे दाबाच्या चाचणीत तो भाग गळतो आणि रिवर्कला जातो.

सुपरवायझरांना बोलता येतं. हेच काम ते स्वतः डोळे मिटून करतात. त्यांना येत नाही ते वेगळंच आहे: स्वतःच्या हाताला सवयीने जमणारं काम तुकडे करून दुसऱ्याच्या हातात कसं उतरवायचं. प्रशिक्षकाला दुसरीही एक गोष्ट दिसते. शेजारच्या स्टेशनवरचं फिक्श्चर झिजलेलं आहे, भाग नीट पकडला जात नाही. तिथल्या रिजेक्शनचा शिकवण्याशी संबंधच नाही.

म्हणून त्याच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद असा उतरतो: पाहणीत काय आढळलं, कुठल्या स्टेशनवर आढळलं, त्यातला कोणता भाग प्रशिक्षणाने सुटेल आणि कोणता सुटणार नाही. फिक्श्चरबद्दल तो सरळ लिहितो की हे मेंटेनन्सचं काम आहे, कार्यशाळेने त्यात फरक पडणार नाही. स्वतःच्या कामाची मर्यादा पहिल्याच पानावर लिहिणारा माणूस विरळा, आणि प्लँट हेडचा विश्वास नेमका याच ओळीवर बसतो. अमेरिकन प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी या पारखीसाठी एक कठोर प्रश्न वापरायला शिकवलं होतं. जिवावर बेतलं, तर हे काम माणसाला करता येईल का? येत असेल तर अडचण कौशल्याची नाही, दुसरीकडे शोधा.

उद्दिष्ट: सगळा प्रस्ताव या ओळीवर उभा

‘सहभागींमध्ये प्रभावी संवादाबद्दल जाणीव निर्माण करणे.’ अशी उद्दिष्टं प्रस्तावांत हमखास सापडतात. वाचायला छान वाटतात, पण कार्यशाळा संपल्यावर ती पूर्ण झाली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. जाणीव निर्माण झाली का, हे तपासायचं कसं?

मेगर यांनी १९६२ साली उद्दिष्टलेखनावर एक छोटं पुस्तक लिहिलं. चांगल्या उद्दिष्टात तीन गोष्टी असाव्यात, असं त्यात सांगितलं आहे. शिकणारा डोळ्यांना दिसेल असं काय करेल, ते कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती चांगलं केलं म्हणजे जमलं म्हणायचं. आपल्या नमुन्यातला प्रशिक्षक या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बसवतो: ‘कार्यशाळेनंतर प्रत्येक सुपरवायझर आपल्या लाइनवरच्या एका कामाचा विभागणी तक्ता स्वतः तयार करेल आणि त्यावरून प्रत्यक्ष लाइनवर एका नव्या कामगाराला ते काम शिकवेल. तो कामगार कोणाच्याही मदतीशिवाय सलग पाच नग अचूक जुळवेल आणि त्यातले कळीचे मुद्दे कारणांसह सांगेल.’

या वाक्यातला प्रत्येक शब्द तपासता येतो. तक्ता आहे की नाही ते दिसतं, नग मोजता येतात, कामगाराला विचारता येतं. असं दुसरं एखादं उद्दिष्ट पुरेसं होतं. दहा उद्दिष्टं लिहिणारा प्रस्ताव बहुधा एकही गाठत नाही.

रिजेक्शन अमुक टक्क्यांनी कमी करून दाखवीन, असं आश्वासन मात्र जाणता प्रशिक्षक लिहीत नाही. रिजेक्शन कच्च्या मालावर अवलंबून असतं, यंत्रावर असतं, झिजलेल्या फिक्श्चरवरही असतं. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडलेली चौकट आजही जगभर वापरली जाते. तिच्या चार पातळ्या आहेत: कार्यशाळा कशी वाटली, शिकले काय, कामावर परतल्यावर वागणं बदललं का आणि कंपनीच्या हाती काय लागलं. जेवण उत्तम होतं, सर छान बोलतात, असे फीडबॅक फॉर्म पहिल्याच पातळीवर थांबतात. आपला प्रशिक्षक तिसऱ्या पातळीची, म्हणजे वागण्यातल्या बदलाची जबाबदारी घेतो. चौथ्या पातळीसाठी तो कंपनीलाच एक काम सांगतो. निवडलेल्या स्टेशनांवर नव्या कामगारांचं पहिल्या ३० दिवसांतलं रिजेक्शन कार्यशाळेआधीच वेगळं नोंदवून ठेवा. ती नोंद नसेल, तर नंतर फरक पडला की नाही यावर नुसता वाद होतो.

आशय: जुनी पद्धत, आजचा उपयोग

उद्दिष्ट ठरलं की आशय शोधावा लागत नाही, तो समोर येतो. अशा प्रसंगासाठी जी पद्धत मुद्दाम घडवली गेली, ती दुसऱ्या महायुद्धातली आहे. अमेरिकेत १९४० साली ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. कारखान्यांतली अनुभवी माणसं सैन्यात चालली होती आणि कधी यंत्राला हात न लावलेल्या लोकांना आठवड्यांत तयार करायचं होतं. १९४५ मध्ये उपक्रम थांबला तोवर साडेसतरा लाखांवर लोकांनी त्याची प्रमाणपत्रं मिळवली होती. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि तिथल्या कारखान्यांनी, टोयोटानेही, ती आपलीशी केली.

त्यातल्या काम शिकवण्याच्या भागाच्या चार पायऱ्या आहेत. आधी कामगाराची तयारी: त्याची भीती घालवा, त्याला या कामाबद्दल आधीच काय माहीत आहे ते विचारा. मग काम दाखवा: एका वेळी एक पायरी, कळीचा मुद्दा आणि त्याचं कारण. तिसऱ्यांदा त्याच्याकडून करून घ्या आणि करताना त्यालाच कारणं बोलायला लावा. शेवटी त्याला कामावर सोडा, पण मदतीला कोण आहे ते सांगा आणि सुरुवातीला वरचेवर डोकावत राहा.

पहिल्या सत्रात एक गाठ शिकवायची जुनी प्रथा आहे. दिव्याच्या वायरला ताण बसला तर तो जोडणीवर येऊ नये म्हणून इलेक्ट्रिशियन मारतात ती ही गाठ. प्रशिक्षक एका सुपरवायझरला पुढे बोलावतो आणि ती नुसती तोंडी सांगतो: डावी तार अशी वळवा, उजवी तिच्या मागून घ्या. गाठ पडत नाही. मग तो काही न बोलता दोनदा मारून दाखवतो, तरी पडत नाही. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या एकाला घेऊन तो चारही पायऱ्या नीट पार पाडतो आणि तोच माणूस स्वतः गाठ मारून दाखवतो, का ते सांगतो. दोन्ही फसलेल्या पद्धती आपण रोज लाइनवर वापरतो, हे खोलीतल्या प्रत्येकाला तिथेच कळतं. त्यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

दुसऱ्या सत्रात विभागणी तक्ता. कागदाचे तीन रकाने: महत्त्वाची पायरी, कळीचा मुद्दा, कारण. ओ-रिंगच्या कामाचा तक्ता असा होतो. पायरी पहिली, वंगण लावणे. कळीचा मुद्दा, पातळ थर आणि रिंगच्या सगळ्या बाजूंना. कारण, कोरडी रिंग गुंडाळली जाते. पायरी दुसरी, रिंग खाचेत बसवणे. कळीचा मुद्दा, टोकदार हत्यार वापरायचं नाही, सगळीकडून सारखं दाबायचं. कारण, टोकाने रबराला चीर पडते. पायरी तिसरी, बोट फिरवून पाहणे. कळीचा मुद्दा, पूर्ण वेढा एकदा. कारण, पीळ डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसालाही हा तिसरा रकाना भरताना थांबून विचार करावा लागतो. सत्राचा खरा अभ्यास तिथे होतो.

उरलेल्या सत्रांत प्रत्येक सुपरवायझर आपल्या लाइनवरचं खरं काम घेऊन येतो आणि सगळ्यांसमोर कुणाला तरी ते शिकवतो. आशयाच्या भागात प्रशिक्षक भाषेचीही एक ओळ घालतो. सत्रं मराठीत होतील, पण तक्ते फोटोंसह आणि हिंदीतही तयार होतील, कारण लाइनवरचे कित्येक नवे कामगार उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले आहेत.

कालावधी: दहा तास, पण एका दिवसात नाही

एचआर हेडने एक दिवस मागितला होता. प्रशिक्षक दोन तासांची पाच सत्रं सुचवतो, सलग पाच दिवस, एका तुकडीत दहाच जण. मूळ पद्धतीचीही हीच रचना होती. सुपरवायझर वीस आहेत, म्हणून तुकड्या दोन. पहिल्या शिफ्टच्या दहा जणांची दुपारी १ ते ३, दुसऱ्या शिफ्टच्या दहा जणांची ४ ते ६. लाइन बंद पडत नाही आणि कुणाला सुट्टीच्या दिवशी यावं लागत नाही.

कालावधीचा हा भाग प्लँट हेड सगळ्यात बारकाईने वाचतो. वीस माणसं गुणिले दहा तास, म्हणजे दोनशे तास लाइनवरून जाणार. ती त्याची खरी किंमत असते, फी नंतरची. म्हणून प्रस्तावात तारखा, वेळा, खोली आणि पर्यायी सुपरवायझर कोण सांभाळणार याचीही नोंद असते. दहाचा आकडाही आवडीने ठरलेला नसतो. एकाच्या शिकवण्याच्या प्रात्यक्षिकाला आणि त्यावरच्या चर्चेला अर्धा तास जातो. दहा जणांचे पाच तास होतात, ते शेवटच्या तीन सत्रांच्या सहा तासांत बसतात. तुकडी वीसची केली, तर निम्मे लोक नुसते बघे होतात.

तीन आणि सहा आठवड्यांनी प्रशिक्षक एकेक दिवस परत येतो. तो खोलीत बसत नाही, लाइनवर जातो. कोण तक्ता वापरतो आणि कोण जुन्या सवयीने ‘असं बसवायचं’ म्हणतो, ते तिथे दिसतं.

या भागात बिघडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. ज्यांची लाइनवर गरज नाही असेच लोक कार्यशाळेला पाठवले जातात. सत्राच्या मधोमध फोन येतो आणि दोघे उठून जातात. म्हणून प्रस्तावात दोन अटी लिहिल्या जातात: सहभागींची नावं सात दिवस आधी मिळावीत आणि दोन सत्रं चुकवणाऱ्याला प्रमाणपत्र मिळणार नाही.

फी: आकडा कसा बनतो

फीच्या रकान्यात एकच ठोक आकडा लिहिला की खरेदी विभाग लगेच घासाघीस सुरू करतो. आकड्याची फोड दिली, तर बोलणं कामावर येतं. नमुन्यातला हिशेब असा. पाच प्रशिक्षणदिवस, दिवसाला २५,००० रुपये, म्हणजे १,२५,०००. पाहणीचा एक आणि पाठपुराव्याचे दोन असे तीन दिवस, दिवसाला १५,०००, म्हणजे ४५,०००. वीस जणांचं साहित्य, माणशी ५००, म्हणजे १०,०००. एकूण १,८०,०००. दर माणसागणिक बदलतात, फोड मात्र अशीच असते.

पुढे कर येतो. प्रशिक्षकाची जीएसटी नोंदणी असेल, तर १८ टक्क्यांनी ३२,४०० रुपये वाढतात आणि बिल २,१२,४०० चं होतं. कंपनीला या कराचं क्रेडिट बहुधा मिळतं, त्यामुळे तिचा खरा खर्च १,८०,००० च राहतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या स्वतंत्र प्रशिक्षकाला सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. मग तो जीएसटी आकारूच शकत नाही. पैसे देताना कंपनी व्यावसायिक सेवेवर १० टक्के टीडीएस कापते. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल, तर ही कपात मूळ १,८०,००० वरच होते, म्हणजे १८,०००. बँकेत येतात १,९४,४००, आणि त्यातले ३२,४०० सरकारला भरायचे असतात. नवखे प्रशिक्षक हा हिशेब आधी मांडत नाहीत आणि हाती आलेला आकडा पाहून गोंधळतात.

पैसे कधी मिळणार, हेही याच भागात लिहायचं असतं: ३० टक्के आगाऊ, ५० टक्के पाचव्या सत्रानंतर, २० टक्के दुसऱ्या पाठपुराव्यानंतर. कंपन्या ६० किंवा ९० दिवसांची मुदत सहज सांगतात. इथे प्रशिक्षकाच्या हातात एक कायदेशीर आधार आहे, तो म्हणजे उद्यम नोंदणी. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली आहे: मुदत उलटली, तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. त्यामुळे उद्यम प्रमाणपत्राची प्रत प्रस्तावासोबत जोडलेली असली, की अकाउंट्स विभाग बिलाकडे वेळेत बघतो. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र आणि रद्द केलेला चेक याच पाकिटात जातात, कारण व्हेंडर नोंदणीशिवाय पीओ निघत नाही.

घासाघीस झाली तर

एचआर हेड म्हणते, “प्रस्ताव पटला, पण बजेट दीड लाखाचं आहे.” दर उतरवला तर पुढच्या वेळीही तोच दर धरला जातो. म्हणून प्रशिक्षक काम कमी करतो. दुसरा पाठपुरावा कंपनीच्याच एका इंजिनिअरने करावा, त्यासाठी पहिल्या भेटीत त्याने प्रशिक्षकासोबत लाइनवर फिरावं. १५,००० कमी झाले. साहित्य कंपनीने छापावं, आणखी १०,००० कमी. आकडा १,५५,००० वर येतो. दुसऱ्या पाठपुराव्याचा अहवाल आता तो इंजिनिअर लिहिणार, म्हणून शेवटचा हप्ता पहिल्या पाठपुराव्यानंतर द्यायचा, अशी दुरुस्तीही त्यात होते. पाहणीचा दिवस आणि तुकडीतली दहा जणांची मर्यादा या दोन गोष्टींना मात्र तो हात लावू देत नाही, कारण त्या गेल्या तर उद्दिष्टात लिहिलेलं वाक्य खरं करून दाखवता येणार नाही.

सुधारित प्रस्तावात शेवटी चार ओळी येतात. प्रस्ताव ३० दिवस वैध आहे. सात दिवसांच्या आत तारीख रद्द केली, तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, मात्र ६० दिवसांत नवी तारीख घेता येईल. कोरे तक्ते आणि प्रशिक्षण साहित्य प्रशिक्षकाचं राहील, पण सुपरवायझरांनी भरलेले तक्ते कंपनीचे असतील आणि ते तिला हवे तिथे वापरता येतील. काम लेखी पीओ आल्यावरच सुरू होईल. पाठवण्याआधी प्रशिक्षक फाइल पुन्हा वरपासून वाचतो. आधीच्या कुठल्या कंपनीचं नाव एखाद्या कोपऱ्यात राहून गेलेलं नाही ना, एवढं एकदा बघतो.